प्रथम वर्षासाठी विद्यार्थी-मेंटॉर : प्राचार्यांना द्यायचं पत्र

"मी सोलापुरात एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जूनमध्ये नव्याने येणाऱ्या मुलांना पहिलं सत्रभर सीनियर मुलांनी साथ द्यावी, असं आम्हा सात-आठ जणांच्या मनात आहे. फेब्रुवारीत प्राचार्यांना पत्र दिलं. त्यात मानसिक आरोग्य, सर्वांगीण विकास, सगळं लिहिलं होतं. दहा दिवसांनी 'नंतर बघू' म्हणून परत आलं. चुकलं कुठे? नवं पत्र कसं लिहू?"

तुझं पत्र मी पाहिलेलं नाही, पण ते ओळखीचं वाटतंय. निवृत्तीआधी काही वर्षं मी उपप्राचार्य होतो आणि मुलांचे असे अर्ज आधी माझ्या टेबलावर यायचे. दोन पानं तळमळ असायची, आणि शेवटी "तरी आमच्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा" हे वाक्य. वाचून झाल्यावर प्रश्न पडायचा की आता मी नेमकी सही कशावर करू? परवानगी हवी आहे की पैसे, खोली की शिक्षक, किती मुलांसाठी, कधीपर्यंत, यातलं काहीच नसायचं. "नंतर बघू" हा शेरा बहुतेक वेळा नकार नसतो. कशाला होकार द्यायचा तेच कळलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पण खरी अडचण वेगळी आहे. "सीनियर मुलं ज्युनियर मुलांना नियमित भेटणार" हे वाचताच कुठल्याही प्राचार्यांच्या डोक्यात रॅगिंग हा शब्द येतो, आणि तो उगाच येत नाही. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. त्याने हलगर्जी केली तर गुन्ह्याला साथ दिली असं धरून त्याच्यावरही खटला होऊ शकतो. म्हणजे तुमच्यातल्या एखाद्याने पहिल्या वर्षाच्या मुलाला गाणं म्हणायला लावलं तरी खुर्ची प्राचार्यांची हलणार. तुमच्या पत्रात या भीतीबद्दल एक ओळही नसेल, तर चांगल्या स्वभावाचा प्राचार्यसुद्धा कागद बाजूला ठेवतो.

गंमत अशी की ज्या नियमांची ही भीती, त्याच नियमांत तुमचं उत्तर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंग प्रतिबंधक विनियम 2009 चे आहेत. ते म्हणजे नुसती बंदी, असंच बहुतेकांना वाटतं, कारण प्रवेशाच्या वेळी भरायचं प्रतिज्ञापत्र तेवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यातच मेंटॉरिंग सेलची तरतूद आहे. प्रत्येक संस्थेने शैक्षणिक वर्ष संपताना असा सेल तयार करायचा, त्यात पुढच्या वर्षीच्या नवागतांचे मेंटॉर व्हायला स्वेच्छेने तयार असलेले विद्यार्थी घ्यायचे, सहा नवागतांमागे एक मेंटॉर ठेवायचा आणि अशा सहा मेंटॉरांमागे वरच्या वर्गातला एक मेंटॉर. तुम्ही जे मागताय ते करण्याची अपेक्षा कॉलेजकडून आधीपासूनच आहे. तेव्हा पत्राच्या 'संदर्भ' या ओळीत हे विनियम लिही. त्या एका ओळीने पत्राचा रंग बदलतो. मुलांच्या हौसेचा कागद राहत नाही, कॉलेजच्या दप्तरात ठेवण्याजोगा होतो. मात्र "आपण नियम पाळत नाही आहात" असा सूर चुकूनही येऊ देऊ नकोस. बहुतेक कॉलेजांत हा सेल कागदावर असतोच, तुमच्याही असेल. "सेलच्या कामास जोड म्हणून" असे शब्द वापर.

त्या तरतुदीतला "वर्ष संपताना" हा भाग लोक वाचून सोडून देतात. मेंटॉर कोण होणार? जूनमध्ये जी मुलं दुसऱ्या वर्षाला असतील ती, म्हणजे आज पहिल्या वर्षाला बसलेली. एप्रिल-मेच्या परीक्षा झाल्या की ती अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, बार्शीकडे पांगतात आणि जुलैपर्यंत हाताला लागत नाहीत. त्यामुळे परवानगी आत्ता, परीक्षेआधी हवी आणि निवडही परीक्षेआधीच. तू स्वतः तेव्हा तिसऱ्या वर्षाला असशील, म्हणजे तुझी जागा मेंटॉरांच्या वरची. हे पत्रात स्पष्ट आलं पाहिजे, नाहीतर सही करणारी तूच साठ मुलांना सांभाळणार असा समज होतो.

किती मुलं घ्यायची? अख्खं प्रथम वर्ष मागू नकोस, एकच तुकडी माग. समजा तुकडी 72 ची आहे. सहाला एक धरून 12 मेंटॉर, आणि त्यांच्यावर तिसऱ्या वर्षाचे दोघे. शिवाय दोन मेंटॉर राखीव ठेव, कारण दिवाळीपर्यंत एक-दोघं गळतातच; कुणाला नोकरी लागते, कुणाच्या घरी काही निघतं. म्हणजे एकूण 16 जण. एवढी विश्वासाची मुलं मिळतात. चार तुकड्यांसाठी 64 मिळत नाहीत, आणि मग भरती म्हणून कुणालाही घ्यावं लागतं. आणखी एक : "ज्यांना हवं त्यांनी नाव नोंदवा" असं ठेवू नकोस. नाव नोंदवतात ती धीट मुलं, त्यांना तुमची फारशी गरज नसते. तुकडीतल्या सगळ्यांना गटात घ्यायचं आणि ज्याला नको त्याला कारण न विचारता बाहेर पडू द्यायचं.

आता "सर्वांगीण विकास". तो शब्द काढून त्या जागी तुमच्याच कॉलेजचे दोन आकडे टाक. एक, यंदा त्या तुकडीतल्या किती जणांनी पहिल्या सत्राचा परीक्षा अर्ज विलंब शुल्क भरून भरला. दुसरा, पहिल्या अंतर्गत चाचणीला किती जण गैरहजर होते. पहिला परीक्षा विभागातल्या क्लार्ककडे असतो, दुसरा विषयशिक्षकांकडे. नावं मागू नकोस, फक्त संख्या माग, आणि विभागप्रमुखांमार्फत माग. हे दोनच का? कारण मुलगा नापास होण्याच्या किंवा गळण्याच्या पुष्कळ आधी तो अशा ठिकाणी दिसेनासा होतो. शिवाय अर्जाची तारीख माहीत नसणं, मेजर-मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह यातला फरक न कळणं, महाडीबीटीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला वेळेत न मिळणं, या गोष्टी सीनियर मुलगा खरोखर सोडवू शकतो. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारी, बारावीपर्यंत गावात शिकलेली मुलगी नोटीस बोर्डापुढे उभी राहते आणि तिला त्यातलं अर्धं कळत नाही. क्लार्कला विचारायचं धाडस होत नाही. एक वर्ष आधी तिथेच उभी राहिलेली मुलगी तिला दोन मिनिटांत सांगते. एवढंच सांगायचं. गळती थांबेल, निकाल वाढेल, असं वचन देऊ नकोस. ते तुमच्या हातात नाही, आणि प्राचार्यांना ते चांगलं ठाऊक असतं.

खाली एक नमुना देतो. आकडे नमुन्यापुरते आहेत, तुझे खरे घाल.

दिनांक : ……

प्रति,
मा. प्राचार्य,
…… महाविद्यालय, सोलापूर.

मार्फत : मा. विभागप्रमुख, …… विभाग

विषय : बी.ए. भाग 1 च्या एका तुकडीसाठी पहिल्या सत्रात विद्यार्थी-मेंटॉर उपक्रम राबवण्यास परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंग प्रतिबंधक विनियम, 2009 (मेंटॉरिंग सेलविषयीची तरतूद).

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती की, येत्या शैक्षणिक वर्षात बी.ए. भाग 1 च्या 'अ' तुकडीसाठी, मेंटॉरिंग सेलच्या कामास जोड म्हणून, एका सत्रापुरता हा उपक्रम राबवण्यास परवानगी मिळावी.

चालू वर्षी या तुकडीतील 72 पैकी 19 विद्यार्थ्यांनी पहिल्या सत्राचा परीक्षा अर्ज विलंब शुल्कासह भरला आणि 14 विद्यार्थी पहिल्या अंतर्गत चाचणीस गैरहजर होते. आम्ही काहींशी बोललो असता तारीख, विषयरचना किंवा कार्यालयीन पद्धत माहीत नसणे हे कारण अनेकांनी सांगितले.

उपक्रमाचे स्वरूप असे : द्वितीय वर्षाचे 12 विद्यार्थी प्रत्येकी 6 नवागतांचे मेंटॉर असतील व 2 राखीव असतील. तृतीय वर्षाचे 2 विद्यार्थी त्यांच्या कामावर लक्ष ठेवतील. पहिले आठ आठवडे आठवड्यातून एकदा व पुढे पंधरा दिवसांतून एकदा, तीस मिनिटांची गटभेट महाविद्यालयाच्या आवारात, तासांच्या मधल्या वेळेत होईल. मेंटॉर वेळापत्रक, ग्रंथालय, बोनाफाईड दाखला, शिष्यवृत्ती व परीक्षा अर्जाच्या तारखा यांची माहिती देतील. ते शिकवणी घेणार नाहीत व समुपदेशन करणार नाहीत.

नवागतांच्या सुरक्षिततेसाठी पुढील अटी आम्ही स्वतःहून स्वीकारत आहोत.
1. मेंटॉरांची अंतिम निवड शिक्षक समन्वयक करतील. रॅगिंग वा गैरवर्तनाची नोंद असलेला विद्यार्थी घेतला जाणार नाही. प्रत्येक मेंटॉर स्वतंत्र हमीपत्र देईल.
2. आवाराबाहेर, वसतिगृहाच्या खोलीत वा सायंकाळी सातनंतर भेट अथवा फोन होणार नाही. मुलींच्या गटास मुलगीच मेंटॉर असेल.
3. मेंटॉर नवागतांकडून पैसे, वस्तू वा कोणतेही काम घेणार नाही. त्यांचे पासवर्ड व ओटीपी मागणार नाही.
4. छळ, रॅगिंग, स्वतःला इजा करण्याचा विचार किंवा लैंगिक गैरवर्तन यांबाबत काही कळल्यास मेंटॉर त्याच दिवशी शिक्षक समन्वयकांना सांगेल.
5. आपण कोणत्याही क्षणी, कारण न देता, उपक्रम थांबवू शकाल.

यासाठी आपणाकडून चार बाबी अपेक्षित आहेत : उपक्रमास परवानगी, एका शिक्षक समन्वयकाची नेमणूक (अंदाजे आठवड्यास एक तास), एक वर्गखोली आणि रु. 1,600 इतका खर्च (प्रशिक्षणाच्या दोन दिवसांचा चहा-अल्पोपाहार रु. 800, छपाई रु. 400, प्रमाणपत्रे रु. 400).

सत्र संपल्यावर पंधरा दिवसांत, वरील दोन्ही बाबींची चालू वर्षाशी तुलना करणारा दोन पानी अहवाल सादर करू. मेंटॉरांची निवड परीक्षेपूर्वी करता यावी यासाठी दि. …… पर्यंत आपला निर्णय कळल्यास सोयीचे होईल.

आपले विद्यार्थी,
(नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, सही)

सोबत : इच्छुक मेंटॉरांची यादी व हमीपत्राचा नमुना.

आता यातल्या काही शब्दांमागचं कारण. मी 'उपक्रम' लिहिलं, 'योजना' नाही. योजना म्हटलं की तरतूद, समिती, महाविद्यालय विकास समितीची बैठक असा प्रवास सुरू होतो. एका तुकडीचा एका सत्राचा उपक्रम प्राचार्य सहसा स्वतःच्या पातळीवर मंजूर करून टाकतात. मेंटॉरांना मानधन किंवा क्रेडिट मिळावं हेही मी मुद्दाम टाकलेलं नाही. क्रेडिट विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून येतात, प्राचार्य ती आपल्या सहीने वाटू शकत नाहीत. तो मुद्दा घातलास तर अख्खं पत्र त्यातच अडकेल. प्रमाणपत्र पुरे.

पाचवी अट वाचून तुझ्या मित्रांना राग येईल. माझ्याकडे आलेल्या एका प्रस्तावात अशीच अट होती आणि मी त्यावर लगेच सही केली, हे प्रामाणिकपणे सांगतो. जे थांबवता येतं ते सुरू करायला माणूस घाबरत नाही.

चौथ्या अटीत थोडं थांब, कारण इथे चांगली मुलंच चुकतात. ज्युनियर मुलगी रडत सांगते, "ताई, कुणाला सांगू नका," आणि ताई शब्द देऊन बसते. तो शब्द द्यायचाच नाही. पहिल्याच भेटीत सगळ्यांसमोर सांगायचं की तुमच्या बाकी गोष्टी माझ्याजवळ राहतील, पण जिवाला किंवा अंगाला धोका असेल तर मी मॅडमना सांगणार. प्रथम वर्षाला येणारी काही मुलं अजून 17 वर्षांची असतात. तिथे लैंगिक गैरवर्तन असेल तर पॉक्सो कायदा लागतो आणि माहिती दडवून ठेवणं हाच गुन्हा होतो. दोन नंबर प्रत्येक मेंटॉरच्या वहीच्या पहिल्या पानावर हवेत : रॅगिंगची राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-180-5522, आणि मानसिक त्रासासाठी टेली-मानस 14416. पण नंबर देऊन मोकळं व्हायचं नाही, शिक्षकांना त्याच दिवशी सांगायचंच.

ओटीपीची अट मी एका वाईट अनुभवातून घातली. एका कॉलेजात मेंटॉर मुलाने उत्साहाने सहाही जणांचे शिष्यवृत्तीचे अर्ज स्वतःच्या मोबाइल नंबरवरून भरून दिले. तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी ओटीपी त्याच्याच फोनवर जायला लागले, आणि तो तोवर पुण्याला नोकरीला गेलेला. सहा मुलं त्याला फोन करत बसली. अर्ज ज्याचा त्याने भरायचा. मेंटॉरने शेजारी बसायचं, स्क्रीनकडे बोट दाखवायचं, एवढंच.

गट पाडताना आपल्याकडची एक गोष्ट लक्षात घे. तास संपले की निम्मी तुकडी एसटी स्टँडकडे धावते. कॉलेज सुटल्यावर भेट ठेवलीस तर गावाकडची मुलं पहिल्या आठवड्यानंतर दिसणार नाहीत, आणि तुमची गरज त्यांनाच जास्त. म्हणून मधल्या वेळेत भेट. एका मार्गावरची मुलं एका गटात घेतलीस तर वेळ जुळवणं सोपं जातं, पण मेंटॉर त्यांच्याच गावचा देऊ नकोस. गावात बातमी घरी पोचायला वेळ लागत नाही आणि मुलं तोंड उघडत नाहीत.

मंजुरी मिळाली तरी अशा उपक्रमाला सहाव्या-सातव्या आठवड्यात ओहोटी लागते. ती नोंदवहीत दिसते. सगळ्या आठवड्यांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात, एकाच बैठकीत लिहिलेल्या असतील तर भेटी झालेल्या नाहीत, हे समजून जा. दुसरी खूण म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप. त्यावर नोट्सच्या पीडीएफ आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचं बॅनर एवढंच येत असेल, तर मेंटॉरचा झेरॉक्सवाला झालाय किंवा त्याला पुढारी व्हायचंय. नोंदीत तारीख, हजर किती आणि विषय एका शब्दात, एवढंच असू दे : 'परीक्षा अर्ज', 'ग्रंथालय', 'शिष्यवृत्ती'. कुणी घरचं काय सांगितलं ते वहीत कधीही लिहायचं नाही, वह्या कुणाच्याही हाती पडतात. तुम्ही दोघं तिसऱ्या वर्षाचे आहात ते याचसाठी : महिन्यातून एकदा प्रत्येक गटातल्या एका मुलाला सहज विचारायचं, गेल्या वेळी काय बोललात? उत्तर वहीशी जुळतं का ते पाहायचं.

पत्र द्यायची रीत. आधी विभागप्रमुखांना दाखव आणि त्यांची सही घे. त्यांना डावलून थेट केबिनमध्ये गेलीस तर पत्र त्यांच्याकडेच अभिप्रायासाठी येणार आणि तेव्हा ते दुखावलेले असणार. समन्वयक व्हायला तयार असलेल्या एका मॅडमशी वा सरांशी आधी बोल, पण त्यांचं नाव पत्रात घालू नकोस. नेमणूक प्राचार्यांची, तोंडी सुचवायला हरकत नाही. दोन प्रती ने. एक कार्यालयात दे, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन जपून ठेव. मग चार दिवसांनी दहा मिनिटांची वेळ माग आणि दोघीच जा, आठ जणांचा घोळका नको.

"विभागप्रमुखांनी अभिप्राय द्यावा" असा शेरा आला तर खट्टू होऊ नकोस, कागद पुढे सरकलाय. "निधी उपलब्ध नाही" असा आला तर त्याच दिवशी खाली एक ओळ लिहून परत दे : "रु. 1,600 ची मागणी मागे घेत असून उर्वरित तीन बाबींस परवानगी मिळावी." चहा तुम्ही आपापसात वर्गणी काढून पाजा.